५॥ की ५॥।? पातळ कागदावर मागची शाई पुढे दिसते तेव्हा

जुन्या मोडी जमाखर्चात पाव, अर्धा आणि पाऊण हे उभ्या दंडाने लिहितात. ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच आणि ५॥। म्हणजे पावणेसहा. पैशांच्या रकमेत एक दंड म्हणजे चार आणे. आता कागद पातळ असेल, तो पाठपोट लिहिलेला असेल आणि मागच्या ओळीतल्या एखाद्या अक्षराची काठी नेमकी या आकड्याशेजारी पुढे दिसत असेल, तर फोटोवरून वाचणारा चार आणे वाढवून मोकळा होतो. त्याला शंकाही येत नाही, कारण वाचायला मिळालेला आकडा अगदी शक्यतेतला असतो.

लिप्यंतर सुरू करणाऱ्यांना वाटतं की मागची अक्षरं उलटी दिसतात, त्यामुळे ती आपोआप ओळखू येतील. अक्षरांबाबत हे बऱ्यापैकी खरं आहे. आरशातला ‘क’ किंवा उलटा ‘३’ डोळा आपणहून बाजूला टाकतो. पण ज्या खुणा उलट्या केल्या तरी तशाच दिसतात त्यांचं काय? उभा दंड, अनुस्वाराचा ठिपका, आण्यांच्या आडव्या रेघा आणि शून्य, या सगळ्या आरशात जशाच्या तशा राहतात. हिशेबाच्या कागदात अर्थ ठरवणाऱ्या खुणा नेमक्या याच असतात. त्यामुळे मागच्या शाईचा प्रश्न हा पान ‘घाण दिसण्याचा’ प्रश्न नाही. शंकास्पद रेघ कोणत्या बाजूची आहे, एवढाच तो प्रश्न आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करूया. एक, शाई मागेच आहे, पण कागद पातळ असल्यामुळे ती आरपार झळकते. दोन, शाई कागदात फुटून खरोखरच पुढच्या बाजूपर्यंत आली आहे. काजळीची शाई बहुतेक वेळा कागदाच्या पृष्ठभागावर राहते, त्यामुळे तिचा त्रास मुख्यतः पहिल्या प्रकारचा असतो. लोहयुक्त शाई धाग्यांत मुरते आणि काळानुसार मागे तपकिरी होऊन उमटते, तो दुसरा प्रकार. पहिल्या प्रकाराचा बराचसा बंदोबस्त फोटो काढतानाच होतो, दुसऱ्याचा होत नाही.

झळकणाऱ्या शाईवरचा उपाय साधा आहे. पानाखाली काळा कागद ठेवायचा. पातळ कागदातून काही प्रकाश खाली जातो आणि खाली पांढरं काही असेल तर तिथून परत वर येतो. जिथे मागे शाई आहे तिथे तो अडतो, म्हणून तेवढा भाग गडद दिसतो. खाली काळं असेल तर प्रकाश कुठूनच परत येत नाही, सगळं पान थोडं काळवंडतं, पण मागच्या रेघा त्या काळवंडण्यात बऱ्याच बुडून जातात.

मात्र फक्त काळ्या कागदावरचा फोटो घेऊन थांबू नका. कसरीने खाल्लेल्या पानात छिद्रं असतात, आणि काळ्या कागदावर प्रत्येक छिद्र काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. शिरोरेघेच्या वर पडलेलं छिद्र म्हणजे तयार अनुस्वारच! म्हणून पान न हलवता दोन फोटो घ्या, एक खाली काळा कागद ठेवून आणि एक पांढरा. पुढची खरी शाई दोन्हींत तितकीच गडद राहते. झळकणारी रेघ काळ्यावर फिकी पडते. छिद्र काळ्यावर काळं आणि पांढऱ्यावर पांढरं होतं. फुटून आलेली शाई मात्र दोन्हींत टिकते, आणि तिच्यासाठी पुढची पायरी लागते. (कागद सरकवायचा असेल तर दप्तरखान्यातल्या माणसाला विचारून, त्यांच्याच हातून. वर काच ठेवायची असली तरी आधी परवानगी.) फोनमधला कागदपत्रांचा खास मोड बंद ठेवा. तो पांढरं अधिक पांढरं आणि काळं अधिक काळं करतो, आणि तसं करताना मागची फिकी रेघसुद्धा ठसठशीत करून टाकू शकतो.

आता फोटो संगणकावर आला. इथे बहुतेकजण पान काळं-पांढरं करायला घेतात, म्हणजे एक मर्यादा ठरवायची आणि तिच्यापेक्षा फिकं ते सगळं कागद समजायचं. ओत्सूची पद्धत ही मर्यादा आपोआप काढून देते. छापील पानावर ती छान चालते. बोरूने लिहिलेल्या पानावर मला ती वाचनासाठी धोक्याची वाटते. बोरूतली शाई संपत आली की पुढच्याच बाजूची रेघ फिकी होते, आणि ती मागच्या गडद रेघेइतकी किंवा तिच्याहूनही फिकी असू शकते. मर्यादा कुठेही ठेवा, एक तर मागचं काही शिल्लक राहतं किंवा पुढचं काही पुसलं जातं. पुसलं गेलेलं नंतर कोणाला दिसतही नाही. नुसत्या गडदपणावरून बाजू ठरत नाही, हे एकदा मान्य केलं की दुसरा पुरावा शोधावा लागतो. तो पानाच्या मागेच आहे.

म्हणजे मागच्या बाजूचाही फोटो घ्यायचा, तो उलटा करायचा आणि पुढच्या फोटोवर बसवायचा. कसा उलटा करायचा हे पान कसं परततात त्यावर ठरतं. वहीसारखं बाजूने परतत असतील तर डावं-उजवं बदलायचं. पोथीच्या पानासारखं खालच्या कडेवरून परतत असतील तर वर-खाली बदलायचं. पुढचा फोटो r.png आणि मागचा v.png असेल तर एवढं पुरतं:

```python
import cv2, numpy as np
a = cv2.imread("r.png", 0)
b = cv2.flip(cv2.imread("v.png", 0), 1)   # पोथी असेल तर 0
pa, pb = np.loadtxt("pa.txt"), np.loadtxt("pb.txt")
H, _ = cv2.findHomography(pb, pa)
b = cv2.warpPerspective(b, H, (a.shape[1], a.shape[0]), borderValue=255)
cv2.imwrite("rang.png", cv2.merge([a, a, b]))
```

`pa.txt` आणि `pb.txt` या फायलींमध्ये एकाच जागेचे दोन्ही फोटोंतले बिंदू हाताने टिपून ठेवायचे, आणि मागच्या फोटोतले बिंदू तो उलटा केल्यानंतरच घ्यायचे. पानाचे चार कोपरे पुरत नाहीत, कारण जुना कागद सपाट नसतो. पुढे स्पष्ट दिसणाऱ्या मागच्या रेघांची टोकं आणि छिद्रं धरून आठ-दहा बिंदू घ्या. मोडीत लेखक आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग अक्षरं लिहीत, त्यामुळे मागच्या शिरोरेघा पुढे लांबच लांब दिसतात. चित्र नीट बसलंय का, हे बघायला त्या फार उपयोगी पडतात.

शेवटच्या ओळीत दोन्ही बाजू एकाच रंगीत चित्रात येतात. फक्त पुढे असलेली शाई लाल दिसते, फक्त मागे असलेली निळसर हिरवी, आणि जिथे दोन्हीकडे शाई आहे तिथे काळं. काहीही पुसलेलं नसतं. लिप्यंतर मूळ फोटोवरूनच करायचं आणि अडलं की हे चित्र शेजारी उघडायचं.

एक पान सविस्तर बघू. एका घरच्या खासगी दप्तरातला खर्चाचा पाठपोट कागद आहे. पाच रकमा आणि खाली बेरीज. मूळ फोटोत रकमा अशा वाचल्या जातात: १२।, ५॥।, ३॥।, ७, २॥. दुसऱ्या रकमेतला तिसरा दंड थोडा फिका आहे, पण शाई संपत आल्यासारखा, म्हणजे खरा वाटावा इतपत. फोटोतल्या करड्या छटा मोजल्या (० म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं), तर कोरा कागद २०५ च्या आसपास, पुढची शाई ६० ते ७०, आणि हा दंड १६८. त्याच पानावर उलटी अक्षरं दिसतात तिथली छटा १६५ ते १७५. रंगीत चित्रात तो दंड निळसर हिरवा येतो आणि मागच्या एका अक्षराच्या काठीवर तंतोतंत बसतो. म्हणजे रक्कम ५॥.

यानंतर बेरीज करायची, आधी नाही. १२।, ५॥, ३॥।, ७ आणि २॥ मिळून बरोबर ३१ होतात, आणि खाली ३१ च लिहिलेले आहेत. ५॥। धरले असते तर ३१। आले असते. बेरीज शेवटी ठेवायचं कारण असं की कारकुनाची बेरीज चुकलेली असू शकते, आणि बेरजेच्या आकड्याजवळही मागचा दंड येऊ शकतो. आधी बेरीज बघितली की डोळे तिला जुळणारेच दंड शोधू लागतात.

त्याच पानावर उलटा प्रकारही आहे. ‘खडी’ वाटणाऱ्या एका शब्दावर १४० छटेचा पुसट ठिपका आहे. आसपास मागच्या रेघा भरपूर, त्यामुळे तोही मागचाच म्हणून सोडून द्यावासा वाटतो. रंगीत चित्रात तो लालसर येतो, मागे त्या जागी कोरा कागद आहे, आणि पांढऱ्या कागदावरच्या फोटोतही तो गडदच राहतो, म्हणजे छिद्र नाही. शब्द ‘खंडी’ आहे, धान्याचं माप. बांधकामाचा आणि धान्याचा खर्च एकाच यादीत असल्यामुळे नुसत्या संदर्भावरून हे ठरलं नसतं.

हे चित्र फसवतं ते मुख्यतः नीट न बसल्यामुळे. ४०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे साधारण १६ पिक्सेल, तर बोरूची ०.६ मिलिमीटरची रेघ १० पिक्सेलच्या आत-बाहेर. बसवण्यात ५ पिक्सेलची चूक झाली तरी मागची काठी अर्धी सरकते. ते ओळखायचं कसं? मागच्या प्रत्येक रेघेला एकाच बाजूने फिकट लालसर किनार दिसते आणि तिच्या दुसऱ्या बाजूला उजळ निळसर हिरवी. तशी किनार पानाच्या एकाच भागात असेल तर तिथे कागद वाकलेला आहे. मग पानाचे तीन-चार आडवे पट्टे करून प्रत्येकासाठी वेगळे बिंदू घ्या. संबंध पानासाठी बिंदू वाढवत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

आणि काळा रंग येतो तिथे हा उपाय थांबतो. दोन्ही बाजूंना शाई आहे एवढंच तो सांगतो. फुटलेल्या शाईच्या पानावर तर एकाच बाजूची जाड रेघ दोन्हीकडे गडद दिसून काळी येऊ शकते. तिरकी रेघ असेल तर बोरूच्या कापाची मदत होते, कारण तिरपा काप एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक काढतो आणि मागून दिसताना हे उलटं होतं. सरळ उभ्या दंडाला तोही आधार नाही. तिथे मी ५॥[।] असं चौकटी कंसात लिहिते आणि शेजारी दोन्ही फोटोंचे क्रमांक देते, म्हणजे पुढे कुणाला मूळ कागद उजेडासमोर धरून बघता आला तर नेमकी कोणती रेघ बघायची ते कळेल.