यांपैकी जी संख्या कमी असेल ती

नागपुरातल्या आमच्या चोवीस सदनिकांच्या सोसायटीने शासनाचे आदर्श उपविधी स्वीकारले आहेत. दप्तरातली नोंदणीकृत प्रत मात्र इंग्रजी. सचिव म्हणाले, "भाऊ, तुम्ही लिहिता, तर एवढं मराठीत करून द्या." दोन रविवारांचे काम असेल, असे मला वाटले होते.

सर्वसाधारण सभेच्या गणपूर्तीचे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या कोरमचे, कलम मी असे लिहिले: 'एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० सभासदांची गणपूर्ती राहील.' वाक्य कानाला बरे लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वाचून विचारले, "म्हणजे सोळा की वीस?" मूळ कलमात 'यांपैकी जी संख्या कमी असेल ती' असे शब्द होते. ते मी पाल्हाळ समजून गाळले होते! चोवीसचे दोन तृतीयांश सोळा, म्हणून आमची गणपूर्ती सोळा. पंचेचाळीस सभासद असते तर दोन तृतीयांश तीस होतात, पण तिथे वीस पुरतात. तीस सभासदांवर दोन्ही हिशेब जुळतात. त्याखाली दोन तृतीयांश लागू, त्यावर वीस.

अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा 'रद्द' होत नाही, 'तहकूब' होते. नोटिशीत तसे कळवले असेल तर त्याच दिवशी उशिरा, नाहीतर सात दिवसांनंतर आणि तीस दिवसांच्या आत ती पुन्हा भरते आणि तेव्हा गणपूर्ती नसली तरी कामकाज चालते. 'रद्द' लिहिले असते, तर तहकूब सभेतला प्रत्येक ठराव वादात सापडला असता.

कर्तव्यांच्या कलमांत आपली सभ्य मराठी आडवी येते. समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सदनिकेत फेरफार 'करू नये' असे मी लिहिले होते. पण 'करू नये' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला झाला. कलमाला 'करता येणार नाही' हवे. तसेच समिती 'करील' हे बंधन आहे, 'करू शकेल' ही मुभा.

दंडाच्या कलमात मी सर्वांत जास्त चुकलो. 'उपविधीचा भंग केल्यास ५,००० रुपये दंड होईल,' असे लिहून बसलो. मुळात दंड ठरवायचा सर्वसाधारण सभेने, समितीने नव्हे. आधी कारणे दाखवा नोटीस द्यायची. आणि एका विशिष्ट भंगासाठी एका आर्थिक वर्षात सगळे मिळून कमाल ५,०००. 'कमाल' आणि 'सगळे मिळून' हे शब्द गळाले की दर महिन्याला पाच हजार मागणारा अध्यक्ष निघू शकतो.

मुखपृष्ठावर एक ओळ घातली: हा अनुवाद माहितीसाठी, वाद झाल्यास नोंदणीकृत प्रत प्रमाण. मराठी पाठच बंधनकारक हवा असेल, तर सभेचा ठराव करून १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे उपविधी-दुरुस्ती निबंधकांकडे नोंदवावी लागते. ते काम अजून बाकी आहे.

सप्टेंबरातल्या वार्षिक सभेला सतरा सह्या झाल्या. काकूंनी त्या स्वतः मोजल्या, मगच सभा सुरू झाली.