लिहिलंय ३२००, चालतंय २१३३

नवा संगणक जुळवून घेतला असेल तर विंडोजमध्ये `Ctrl+Shift+Esc` दाबा, `Performance` मध्ये जाऊन `Memory` निवडा आणि `Speed` समोरचा आकडा वाचा. रॅमच्या खोक्यावर ३२०० छापलेलं असताना तिथे २१३३ किंवा २४०० दिसतं, असं खूप घरांत घडतं. रॅम नकली नसते आणि दुकानदारानेही फसवलेलं नसतं. खोक्यावरचा वेग कुणीतरी सुरू करावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो कुणी सुरू केलेलाच नसतो.

रॅमच्या प्रत्येक पट्टीवर मेमरीच्या काळ्या चिप्सखेरीज एक इवलीशी चिप असते. पट्टी किती क्षमतेची आहे, कोणत्या वेगाला किती विद्युतदाबावर चालते, एखादी ओळ उघडल्यावर किती घड्याळठोके थांबायचं, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. तिथे दोन प्रकारच्या नोंदी असतात. पहिली जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत बसणारी, म्हणजे सावध. डीडीआर४ मध्ये ती १.२ व्होल्टवर चालते. दुसरी नोंद पट्टी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची: ३२०० चा वेग, १६-१८-१८-३८ असे ठोके, १.३५ व्होल्ट. या दुसऱ्या नोंदीचा साचा इंटेलने २००७ मध्ये, डीडीआर३ च्या काळात आणला. तोच एक्सएमपी. संगणक पहिल्यांदा सुरू होताना नेहमी सावध नोंद वाचतो, कारण यंत्र निदान उभं राहील याची खात्री तिथेच असते.

फरक किती पडतो? एका मार्गाने २१३३ च्या वेगाला सेकंदाला सुमारे १७ जीबी माहिती जाऊ शकते, ३२०० ला २५.६ जीबी. मागितलेली माहिती हाती यायला लागणारा वेळ १४ नॅनोसेकंदांवरून १० वर येतो. पत्रव्यवहार आणि इंटरनेट एवढंच काम असेल तर हे जाणवणारही नाही. व्हिडिओ संपादन, मोठे खेळ, आणि विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेली यंत्रं यांत मात्र तो ठळकपणे दिसतो, कारण तिथे चित्रंही याच रॅममधून काढली जातात.

आता एक ठरावीक यंत्र घेऊ. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, चार खाचांचा बी४५० मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० वेगाच्या. आधी पट्ट्या योग्य खाचांत आहेत का ते पाहायचं. दोनच असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी खाच हवी. मग संगणक सुरू होताना `Del` किंवा `F2` दाबत राहून बायोसमध्ये शिरायचं. पर्यायाचं नाव बोर्डाप्रमाणे बदलतं: कुठे `XMP`, कुठे `A-XMP`, तर कुठे `DOCP`. डीडीआर५ च्या काळात एएमडीने २०२२ मध्ये आणलेलं `EXPO` हेही त्याच घराण्यातलं. पहिला प्रोफाइल निवडायचा, `F10` दाबून जतन करायचं. पडदा काही वेळ काळा राहील. घाबरून बटण दाबू नये. बोर्ड नव्या वेगावर संकेतांची वेळ जुळवत असतो, आणि डीडीआर५ मध्ये तर यात काही मिनिटंही जातात. जुळलं नाही तर बहुतेक बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर आपणहून सावध वेगावर परततात. तेही झालं नाही तर वीज पूर्ण काढून बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं बाजूला ठेवली की बायोस मूळ स्थितीत येतं.

पर्यायच नसेल, किंवा निवडूनही वेग वाढत नसेल, तर मर्यादा बोर्डाची असू शकते. इंटेलच्या एच४१० आणि बी४६० बोर्डांवर प्रोसेसरप्रमाणे २६६६ किंवा २९३३ च्या वर जाता येत नाही, मग रॅम कितीही वेगवान असो.

पडद्यावर ३२०० आलं आणि विंडोज उघडलं, की बहुतेक लोक काम संपलं म्हणतात. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे की खरं काम इथून सुरू होतं. कंपनीने पट्टी तपासली ती तिच्याकडच्या बोर्डावर, तिच्याकडच्या प्रोसेसरने. रॅमशी बोलणारा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटात असतो, आणि एकाच नावाच्या दोन प्रोसेसरांतही त्याची कुवत अगदी सारखी नसते. तुमच्या घरातली ही जोडी ३२०० ला टिकते की नाही, हे आजवर कुणीही तपासलेलं नाही.

न तपासण्याचा धोका निळ्या पडद्यापुरता नाही. निळा पडदा परवडला, तो निदान दिसतो. बिघडलेला एक बिट एखाद्या छायाचित्रात किंवा हिशेबाच्या फाइलमध्ये जाऊन बसतो, तशीच ती डिस्कवर लिहिली जाते, आणि वर्षभराने उघडत नाही. बॅकअप घेतला असेल तर त्यातही बिघडलेलीच प्रत असते. सर्व्हरमध्ये अशा चुका पकडणारी रॅम वापरतात. घरगुती संगणकांत ती सहसा नसते. डीडीआर५ च्या चिपमध्ये चूकदुरुस्तीची सोय आहे खरी, पण ती चिपच्या आतपुरती. चिप ते प्रोसेसर या वाटेवर काही बिघडलं तर तिला पत्ता लागत नाही, आणि एक्सएमपीच्या चुका या वाटेवरही होतात.

म्हणून एक्सएमपी सुरू केल्यावर थेट विंडोजमध्ये जाऊ नये, थेट चाचणीत जावं. मेमटेस्ट८६+ हा मुक्त, फुकट प्रोग्राम आधीच पेनड्राइव्हवर लिहून ठेवायचा आणि त्यावरूनच यंत्र सुरू करायचं. यंत्राने तो नाकारला तर बायोसमधलं `Secure Boot` तात्पुरतं बंद करावं. विंडोज बाजूला असल्याने जवळजवळ सगळी रॅम त्याच्या ताब्यात येते. तो प्रत्येक जागी ठरलेले आकडे लिहितो, परत वाचतो, उलटे करून पुन्हा लिहितो, शेजारच्या जागा हलवून ही जागा बदलली का ते पाहतो, आणि एका चाचणीत तर लिहून नुसता थांबून राहतो. सगळ्या चाचण्यांची एक फेरी पुरी झाली आणि चूक नसली की पडद्यावर मोठ्या अक्षरांत `PASS` येतं. तिथेच थांबण्याचा मोह होतो. थांबू नये, पहिली फेरी मुद्दाम छोटी ठेवलेली असते. रात्री लावून सकाळी पाहावं, निदान चार पूर्ण फेऱ्या व्हाव्यात.

आपल्या उदाहरणातलं यंत्र दोन पट्ट्यांवर रात्रभर निर्दोष चाललं असं धरू. सहा महिन्यांनी मालकाने त्याच कंपनीच्या, तशाच आणखी दोन पट्ट्या घातल्या, एकूण ३२ जीबी. ३२०० दिसतं, विंडोज उघडतं. चाचणीत तिसऱ्या फेरीत लाल ओळ येते: `Expected` खाली `FFFFFFFF` आणि `Found` खाली `FFFFFFFB`. बत्तीस बिटांपैकी एक बिट १ चा ० झाला. रात्रभरात एकच चूक, म्हणून ती सोडून द्यायची का? नाही. इथे उत्तीर्ण होण्याची रेषा शून्य आहे.

आता दोष कुणाचा ते शोधायचं. एक्सएमपी बंद करून तीच चाचणी पुन्हा. सावध वेगालाही चूक आली तर एखादी पट्टी किंवा खाच खराब. मग एकेक पट्टी एकाच खाचेत घालून तपासायची, आणि सापडलेली पट्टी हमीत बदलून घ्यायची. सावध वेगाला रात्र स्वच्छ गेली तर पट्ट्या चांगल्या आहेत, चौघींची मोट ३२०० ला बांधली जात नाही. आपल्या यंत्रात हेच होण्याची शक्यता जास्त. या प्रोसेसरसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन पट्ट्यांना ३२०० आहे, पण चारही खाचा भरल्या तर साध्या पट्ट्यांना २९३३ आणि दुहेरी रचनेच्या पट्ट्यांना २६६७. प्रत्येक मार्गावर दुप्पट चिप्सचा भार आला की संकेत अस्पष्ट होतो. शिवाय वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, सारख्याच लेबलच्या पट्ट्यांत आतल्या चिप्स वेगळ्या निघू शकतात. म्हणूनच ३२ जीबी हवे असतील तर १६ च्या दोन पट्ट्यांची जोडी एकदम घ्यावी, असं मी आवर्जून सांगतो.

तरी चार पट्ट्या हाताशी आहेतच, तर एक्सएमपी तसंच ठेवून फक्त वेग २९३३ करायचा आणि रात्रभर पुन्हा चाचणी. व्होल्ट वाढवून ३२०० ओढत न्यायचा मार्ग अनेक जण सुचवतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. एक्सएमपी सुरू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या नियंत्रकाचाही दाब आपणहून वाढवतात. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने हा दाब १.३ व्होल्टवर रोखणारी सुधारणा बोर्डांसाठी दिली होती. अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग हमीच्या दृष्टीने ओव्हरक्लॉकिंगच मानला जातो, हेही लक्षात असावं.

२९३३ ला रात्र निर्दोष गेली, तरी एक चाचणी उरते. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड शांत असतं, खोकं थंड असतं. रॅमचा प्रत्येक बिट हा इवल्याशा धारित्रातला विद्युतभार असतो. माठासारखा तो सतत पाझरतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी पुन्हा भराव्या लागतात. उष्णता वाढली की पाझर वाढतो. डिसेंबरच्या रात्री पुण्यात निर्दोष ठरलेलं यंत्र मे महिन्यात नागपूरच्या दुपारी चुका करू लागतं ते यामुळे. म्हणून दुसरी चाचणी चालू प्रणालीत, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून आणि जमल्यास दिवसाच्या सर्वांत गरम वेळी घ्यावी. विंडोजवर टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी वापरतात. लिनक्सवर गूगलच्या अभियंत्यांनी लिहिलेला प्रोग्राम आहे:

```
stressapptest -W -M 28000 -s 7200
```

३२ जीबीपैकी सुमारे २८ जीबी तो दोन तास घुसळतो आणि शेवटी `Status: PASS` किंवा `FAIL` लिहितो. सोबत एखादा जड खेळ किंवा ग्राफिक्सची चाचणी चालू ठेवली की खोक्यातली हवा खऱ्या कामाइतकी तापते. इथे चूक आली आणि मेमटेस्टमध्ये आली नव्हती, तर आधी पंख्याची हवा रॅमवरून जाते का ते पाहावं, आणि तरीही जमलं नाही तर वेग आणखी एक पायरी खाली, २६६६ ला आणावा.

बायोस अद्ययावत केलं की सगळी मांडणी पुसली जाते आणि यंत्र गुपचूप २१३३ वर परततं. नव्या बायोसमध्ये रॅम जुळवण्याची रीतही बदललेली असू शकते. कधी आधी न टिकलेला वेग टिकतो, कधी टिकणारा डळमळतो. त्यामुळे एक्सएमपी पुन्हा सुरू केल्यावर पेनड्राइव्हही पुन्हा लावावा.