चेंडूवर नजर ठरेपर्यंत

पाचवीच्या वर्गाचा खेळाचा तास. पटांगणावर फक्कीने मोठं रिंगण आखलेलं, आत निम्मी मुलं, बाहेर निम्मी. बाहेरच्यांनी चेंडू मारायचा, आतल्यांनी चुकवायचा, म्हणजे आपला साधा डॉजबॉल. त्या आतल्या मुलांत एक किरकोळ बांध्याचा मुलगा होता. चेंडू दुसऱ्या टोकाला असला तरी त्याचे खांदे वर चढलेले असायचे. चेंडू त्याच्या दिशेने निघाला की तो मान फिरवायचा, डोळे घट्ट मिटायचा आणि दोन्ही हात काठीसारखे ताठ पुढे धरायचा. चेंडू त्या हातांमधून थेट छातीवर किंवा गालावर. मग तो बाद होऊन कडेच्या पायरीवर जाऊन बसे आणि तास संपेपर्यंत बसूनच राही.

मुलं त्याला घाबरट म्हणत. घरीही ‘जरा धीट हो की रे’ असं ऐकावं लागे. पण तो करत होता ते लहान मुलाचं शरीर करतंच. अंगावर येणाऱ्या वस्तूपुढे पापणी मिटणं हे तान्ह्या बाळातही दिसतं. चेंडू झेलायला नुकतंच शिकणारं तीन-चार वर्षांचं मूल हात ताठ ठेवतं आणि तोंड फिरवतं. मुलांच्या हालचालींचा विकास कसा होतो यावर लिहिणारे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड गॅलह्यू यांनी झेल घेण्याच्या पहिल्या पायरीची हीच खूण सांगितली आहे. पुढे मूल चेंडू छातीशी कवटाळू लागतं, आणि नंतर नुसत्या हातांनी धरतं. हा मुलगा दहा वर्षांचा होऊनही पहिल्याच पायरीवर थांबला होता. थांबण्याचं कारणही त्या पायरीतच होतं. डोळे मिटले की चेंडू दिसत नाही, दिसला नाही की लागतो, आणि लागला की पुढच्या वेळी डोळे आणखी लवकर मिटतात.

त्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला धीर देणारं भाषण केलं नाही. आधी त्यांनी पालकांना बोलावून मुलाचे डोळे तपासून आणायला सांगितलं. एका डोळ्याला नंबर असेल आणि तो कळलेला नसेल, तर चेंडू किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. अशा मुलाची भीती रास्तच असते आणि सरावाने ती जात नाही. या मुलाचे डोळे ठीक निघाले. मग सरांनी चेंडू बाजूला ठेवला आणि फुगा आणला.

फुगाच का, याचं उत्तर वेळेत आहे. चार मीटरवरून कोणी जरा जोराने चेंडू मारला, तर तो साधारण अर्ध्या सेकंदात अंगावर येतो. त्यातला बराच भाग चेंडू दिसून हात हलेपर्यंतच निघून जातो. त्यात पापणी मिटली तर उरतं काय? वर उडवलेला फुगा मात्र खाली यायला दोन-तीन सेकंद घेतो आणि लागला तरी दुखत नाही. सरांनी स्केचपेनने फुग्यावर चार बाजूंना चार अक्षरं लिहिली होती. मुलाने फुगा धरायचा नव्हता, खाली येताना कोणतं अक्षर समोर आहे तेवढंच ओरडून सांगायचं होतं. ‘ग!’ असं ओरडण्यासाठी डोळे उघडे ठेवावेच लागतात. डोळे उघड म्हणून सांगितल्याने ते उघडत नाहीत, पाहण्यासारखं काही दिलं की उघडतात.

फुग्यानंतर हलका प्लॅस्टिकचा मोठा चेंडू आला, तोही फेकून नाही, जमिनीवरून घरंगळत. मग एक टप्पा पडून आलेला. मग मुलाने स्वतःच वर उडवून स्वतःच धरलेला. यात चेंडू कधी येणार हे त्याच्याच हातात होतं. त्यानंतर स्पंजचा चेंडू, आधी खालून फेकलेला, जोडीदार दोन पावलांवर. सर पुढच्या पायरीवर जायचं की नाही हे झेलांच्या संख्येवरून ठरवत नसत. ते कोपर पाहत. कोपर वाकलं, चेंडू हातात येताना हात किंचित मागे आले, खांदे खाली राहिले, तर पुढे जायचं. चेंडू हातात बसला पण मान वळलेली होती, तर तो झेल धरायचा नाही.

या पद्धतीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलावरच्या उपचारांची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरायचा. त्यांनी पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला आणि पीटरला आवडता खाऊ दिला. ससा हळूहळू जवळ येत गेला, आणि शेवटी पीटर त्याला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. या हकिकतीतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे सशाला न घाबरणारी मुलं त्याच खोलीत खेळत असायची आणि त्यांना पाहून पीटर पुढे सरकायचा. दुसरी म्हणजे मध्येच पीटर आजारी पडला, दवाखान्यातून परतताना त्याच्या अंगावर मोठा कुत्रा धावून आला आणि कमावलेलं सगळं गेलं. जोन्सबाईंना पुन्हा मागच्या पायरीवरून सुरुवात करावी लागली.

आपल्या मुलाचंही तसंच झालं. स्पंजचा चेंडू सहज धरू लागल्यावर तो रिंगणात उतरला, आणि एका दांडगट मुलाने जवळून जोरात मारलेला चेंडू त्याच्या कानावर बसला. पुढच्या तासाला खांदे पुन्हा वर. ‘सर, मला नको,’ एवढंच तो म्हणाला. ‘बरं, आज घरंगळणारा चेंडू घेऊ,’ सर म्हणाले, आणि त्याला परत जमिनीवरच्या चेंडूकडे नेलं. या वेळी वरच्या पायऱ्या भराभर चढल्या गेल्या.

पण सरांनी त्याहून महत्त्वाचं काम केलं ते खेळाच्या नियमांत. नेहमीच्या डॉजबॉलमध्ये जो सर्वांत कच्चा तो सर्वांत आधी बाद होतो. म्हणजे ज्याला चेंडूची सर्वाधिक गरज आहे त्याच्या वाट्याला तो सर्वांत कमी येतो. अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने शाळेच्या तासाला हा खेळ घेऊच नये अशी भूमिका घेतली आहे. मला ते टोकाचं वाटतं, कारण मुलांना पळणं, चुकवणं, नेम धरणं मनापासून आवडतं. सरांनी खेळ ठेवला आणि बाद होणं काढलं. चेंडू लागला की मुलाने बाहेर जाऊन फेकणाऱ्यांत सामील व्हायचं, आणि बाहेरून कुणाला टिपलं की परत आत यायचं. चेंडू स्पंजचाच, नेम गुडघ्याखाली, आणि झेल घेतला तर संघाला दोन गुण.

त्या मुलाला आधी बाहेरच उभं केलं. फेकणाऱ्याच्या जागेवरून चेंडूकडे पाहिलं की तो कुठून, केव्हा सुटतो ते समजू लागतं. हात मागे गेला, खांदा वळला, आता सुटणार. तीच खूण आत उभं राहिल्यावर उपयोगी पडते. काही आठवड्यांनी तो आतून चेंडूऐवजी फेकणाऱ्याच्या हाताकडे बघू लागला आणि वेळेत बाजूला होऊ लागला. पहिला झेल मात्र त्याने अवघडून, पोटाशी कवटाळूनच घेतला. सरांनी दोन गुण दिले.

आता तो टेनिसच्या चेंडूपर्यंत आला आहे. तो सत्तावन्न-अठ्ठावन्न ग्रॅमचा असतो. शेजारची मुलं त्याला क्रिकेटला बोलावतात, पण तिथे सीझन बॉल आहे, सुमारे 160 ग्रॅमचा आणि टणक. त्या चेंडूची भीती वाटणं बरोबरच आहे. सरांनी त्याच्या वडिलांना सांगितलं आहे, की या वर्षी टेनिस बॉलवरच खेळू द्या, आणि सीझन बॉल हातात आला की हातमोजे, हेल्मेट घालून पुन्हा घरंगळणाऱ्या चेंडूपासून सुरुवात करा.