खालचा सूर बदला, गाणं बदलतं!

गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी मोबाइलवरच्या कॉर्डशीटमध्ये G/B असलं काहीतरी दिसतं. बहुतेक जण काय करतात? रेषेनंतरचं अक्षर सोडून देतात आणि सरळ G वाजवतात. चुकीचं काही वाजत नाही, पण गाणं ओरिजिनलसारखं लागत नाही. सूसमध्ये टेरेसवर जॅम करणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये यावरून कायम वाद होतो, म्हणून एकदा हे नीट समजून घेऊ.

कॉर्डशीटमध्ये रेषेच्या डावीकडे कॉर्ड असते आणि उजवीकडे सगळ्यात खाली वाजणारा सूर. हार्मोनियमवर पांढरी एक म्हणजे C ला सा धरू. मग C कॉर्ड म्हणजे सा-ग-प, G म्हणजे प-नी-रे, Am म्हणजे ध-सा-ग आणि F म्हणजे म-ध-सा. आता G/B म्हणजे प-नी-रे हेच तीन सूर, फक्त तळाला प ऐवजी नी. कॉर्डमधलाच दुसरा सूर असा खाली आला की त्याला इन्व्हर्जन म्हणतात.

आता कीबोर्ड असेल तर हे करून बघा. उजव्या हाताने C, G, Am, C, F, C, G, C वाजवा आणि डाव्या हाताने प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर. बेस होतो सा, प, ध, सा, म, सा, प, सा. नुसत्या उड्या! मग उजवा हात तसाच ठेवून डाव्या हाताने मंद्र सप्तकाकडे एकेक पायरी उतरत वाजवा: सा, नी, ध, प, म, ग, रे, सा. कागदावर हे असं दिसेल:

C – G/B – Am – C/G – F – C/E – G/D – C

कॉर्ड्स त्याच, पण बेस चक्क बिलावलचा अवरोह गातोय. मघाशी तुकड्यातुकड्यांत ऐकू येणारं आता एक लांब वाक्य होतं. प्रत्येक सूर पुढच्या सुराकडे नेतो, त्यामुळे कान मध्येच थांबत नाही.

असं का होतं, याचं उत्तर तानपुऱ्यात आहे. चांगला जुळलेला तानपुरा ऐकला की न छेडलेला गंधारही ऐकू येतो, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खालच्या सा मधूनच वरचे प आणि ग निघतात. म्हणून सा खाली असलेली C घट्ट बसलेली वाटते, कारण वरचे सूर तळाशी सहमत असतात. C/E मध्ये तळाला ग येतो. त्या ग मधून निघतात नी आणि कोमल धैवताच्या जवळचा सूर. तो कॉर्डमधल्या प ला किंचित घासतो. ऐकताना कॉर्ड हलकी, अधांतरी लागते आणि F कडे सरकावीशी वाटते. C/G तर आणखी अस्थिर. तिच्यावर गाणं संपवून बघा, दार उघडंच राहिल्यासारखं वाटेल. मालकंसात पंचम वर्ज्य म्हणून तानपुरा पंचमाऐवजी मध्यमाला लावतात, तेव्हाही तळ बदलल्याने सगळ्या रागाचं वातावरण बदलतंच की.

कधीकधी खालचा सूर कॉर्डमधला नसतोच. उदाहरणार्थ F/G: वर म-ध-सा, खाली प. हे इन्व्हर्जन नाही. इथे प वर असलेला सा लटकत राहतो आणि नी वर उतरायची वाट बघतो. म्हणून F/G, मग G, मग C असं वाजवलं की शेवट मऊ होतो. या लटकण्याला ‘सस’ म्हणतात. (सूसवाल्यांनी यावरचे सगळे विनोद आधीच करून झालेत.)

गिटारवर खरी गडबड इथे होते. G/B साठी पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट दाबायचा आणि जाड सहावी तार गप्प करायची. ती मोकळी वाजली की खाली ग येतो, आणि ग-प-नी-रे म्हणजे झाली Em7! कॉर्ड अचानक उदास आणि गढूळ वाटली तर समजा, सहावी तार वाजतेय. ज्या बोटाने पाचवी तार दाबता त्याच्याच टोकाने सहावीला हलकं टेकवा, काम होतं.

बँडमध्ये मात्र शेवटचा शब्द बेसिस्टचा. गिटारिस्टने कितीही मन लावून C/E वाजवली आणि बेसवर सा वाजला, तर ऐकणाऱ्याला साधी C च ऐकू येते. त्यामुळे प्रॅक्टिसला बसताना स्लॅश असलेल्या कॉर्ड्सचा कागद आधी बेसिस्टच्या हातात द्या. आणि रेकॉर्डिंग ऐकताना इयरफोन लावा. फोनच्या स्पीकरमध्ये हे खालचे सूर अर्धे गायब होतात.