टेम्पोचे भाडे ठरवताना : माल, अंतर आणि रिकामा परतीचा रस्ता

आपल्या मंडळाच्या कुटुंबांपैकी अनेकांच्या दारात एखादा पिकअप किंवा छोटा टेम्पो उभा असतो. बेळगावहून गोव्याला भाजीपाला नेणे हा आपल्या भागातला जुना आणि रोजचा धंदा आहे. तरीही भाडे किती सांगायचे, हा प्रश्न बहुधा "दुसरा किती घेतो?" यावरच सुटतो. हिशेबाची रीत समजावी म्हणून आम्ही येथे एकच खेप शेवटपर्यंत मांडत आहोत. यातले आकडे उदाहरणापुरते धरले आहेत. आपापल्या वहीतले आकडे त्या जागी घालावेत.

बेळगावच्या मार्केट यार्डातून कोबी, बटाटा आणि मिरची भरून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, डिचोली या रस्त्याने म्हापशाला जायचे आहे. एका बाजूचे अंतर 110 किलोमीटर धरू. गाडी दीड टन पासिंगची पिकअप आहे. पासिंग म्हणजे किती माल भरता येतो, हे ऐकीव बोलण्यावर न ठेवता आरसी बुकात पाहावे. तिथे गाडीचे मालासह एकूण वजन आणि रिकामे वजन दिलेले असते. पहिल्यातून दुसरे वजा केले की गाडीची खरी क्षमता मिळते. चालक आणि सोबतचा माणूस यांचे वजनही त्यातच धरायचे.

आता खर्च पाहू. जाताना गाडी भरलेली असते, म्हणून लिटरला 11 किलोमीटर धरले तर 10 लिटर डिझेल लागते. येताना गाडी रिकामी असली तरी घाट चढायचा असतो, त्यामुळे वाटते तितकी बचत होत नाही. परतीला 8 लिटर धरू. डिझेल 90 रुपये लिटर असेल तर 18 लिटरचे 1,620 रुपये होतात. टायर, ऑईल, ब्रेक, क्लच, पाटे यांची झीज किलोमीटरला 2 रुपये धरली तर 220 किलोमीटरचे 440 रुपये. हे पैसे त्या दिवशी खिशातून जात नाहीत, म्हणून अनेकजण ते मोजतच नाहीत. मग चार टायर एकदम बदलायची वेळ आली की उसने पैसे शोधावे लागतात.

यानंतर गाडी उभी असली तरी चालू राहणारा खर्च येतो. बँकेचा हप्ता महिना 15,000 आणि विमा, कर, फिटनेस मिळून महिन्याला 5,000 धरले, तर 20,000 रुपये झाले. महिन्यात गाडी साधारण 20 दिवस भाड्यावर जात असेल, तर प्रत्येक खेपेने त्यातले 1,000 रुपये उचलले पाहिजेत. येथे 30 ने भागणे चुकीचे, कारण रिकाम्या दिवसांचा हप्ताही कामाच्या दिवसांनीच फेडायचा असतो. चालकाची मजुरी 900 रुपये. मालक स्वतः चालवत असला तरी ती लिहायचीच, कारण आजारपणात दुसऱ्याला बसवले तर ती द्यावीच लागते. चहा, जेवण, पार्किंग मिळून 150. एकूण खर्च 4,110 रुपये झाला. त्यावर सुमारे 12 टक्के नफा धरून भाडे 4,600 रुपये ठरते.

खरी गफलत होते ती येथून पुढे. 4,600 ला 220 ने भागले तर किलोमीटरला जवळपास 21 रुपये पडतात. "किलोमीटरला 21" हा दर ऐकून व्यापारी एका बाजूचे 110 किलोमीटर मोजतो आणि 2,310 रुपये हातावर ठेवतो. त्यातून डिझेल आणि झीज यांचे 2,060 वजा केले तर 250 रुपये उरतात. त्यात मजुरीही निघत नाही, हप्ता तर दूरच. म्हणून दर सांगताना "जाऊन-येऊन" हा शब्द आधी उच्चारावा, किंवा सरळ खेपेचे 4,600 सांगावेत.

वजनाचा भाड्यावर परिणाम होतो, पण लोक समजतात तितका नाही. माल दीड टनाऐवजी 600 किलो असला तर फार तर दोन-एक लिटर डिझेल वाचेल आणि झीज थोडी कमी होईल. हप्ता, मजुरी आणि रस्ता तेवढाच राहतो. त्यामुळे निम्म्या मालाला निम्मे भाडे हा हिशेब बसत नाही. दोनशे-अडीचशे रुपये कमी करता येतात, त्याहून जास्त नाही.

चार शेतकऱ्यांचा माल एकत्र नेताना मात्र किलोवर दर लावावा लागतो. तो पूर्ण 1,500 किलोवर काढला तर किलोला 3 रुपये 7 पैसे येतो. पण गाडी सरासरी 1,200 किलोच भरत असेल, तर हातात सुमारे 3,680 येतील, म्हणजे खेपेमागे 920 रुपयांचा खड्डा. म्हणून भागायचे ते नेहमी मिळणाऱ्या वजनाने. 1,200 ने भागले तर दर 3 रुपये 85 पैशांच्या आसपास येतो. कोथिंबीर, फ्लॉवर असा फुगीर माल वजनाआधी हौदा भरतो, तेव्हा त्याला किलोऐवजी क्रेटवर किंवा अडवलेल्या जागेवर भाडे लावावे.

पासिंगपेक्षा जास्त भरून ही तूट काढण्याचा मोह टाळावा. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. शिवाय घाट उतरताना जादा वजनाने ब्रेक तापतात. पेडल नरम लागले किंवा जळका वास आला, तर गाडी थांबवून ब्रेक थंड होऊ द्यावेत.

परतीचे भाडे मिळाले तर काय? समजा म्हापशाजवळून नारळाची पोती मिळाली. भरलेली गाडी घाट चढताना 4 लिटर जादा पितील, माल घ्यायला 20 किलोमीटर वळसा पडेल. जादा खर्च साधारण 600 रुपये. त्याहून वर मिळेल ते उत्पन्नच, म्हणून 1,500 रुपयांचे परतीचे भाडे 900 रुपये देऊन जाते. पण माल भरायला थांबून दुसऱ्या दिवसाची खेप चुकत असेल, तर ते 900 रुपये महागात पडतात. बिलाशिवाय माल घेऊ नये, आणि 50,000 रुपयांवरच्या करपात्र मालाला ई-वे बिल आहे का ते पाहावे.

परतीचे भाडे मिळेल या आशेवर जातानाचा दर मात्र तोडू नये. चार खेपांत एकदाच परतीचा माल मिळत असेल, तर 900 चा चौथा हिस्सा, म्हणजे 225 रुपये, एवढीच सवलत परवडते. व्यापारी रिकामे क्रेट परत आणायला सांगतो, तेव्हा हौदा अडतो आणि दुसरा माल घेता येत नाही. अशा खेपेत ती सवलतही द्यायची नाही.

भाडे ठरवताना तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्याव्यात : हमाली कोणाची, माल उतरवायला किती तास आणि त्यापुढे तासाला किती, आणि डिझेल वाढले तर काय. या खेपेत डिझेल लिटरला 5 रुपयांनी वाढले तर 90 रुपयांचा फरक पडतो. हा आकडा आधीच ठरलेला असला की दरवाढ मागताना वाद होत नाही.