वाढत्या अंगाचं शिवताना

सहा वर्षांच्या मुलीला जूनमध्ये घेतलेला शाळेचा पिनाफोर पुढच्या जूनला गुडघ्याच्या वर गेलेला असतो. छातीत मात्र तो बहुधा अजून व्यवस्थित बसत असतो. या वयात मूल वर्षाला साधारण सहा सेंटीमीटर उंच होतं, पण छातीचा घेर फार तर दोनेक सेंटीमीटरने वाढतो. म्हणजे कपडा आधी आखूड होतो आणि बऱ्याच काळाने घट्ट. शिवून घ्यावं की रेडिमेड आणावं, हा प्रश्न खरं तर इथे सुटतो.

हाच पिनाफोर शिंप्याकडे टाकला तर काय होतं, ते पाहू. सहा सेंटीमीटर उंचीतला खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा वाटा असतो सुमारे सव्वा इंचाचा. दोन वर्षांचे झाले अडीच. शिंप्याने खाली तीन इंच दुमड ठेवली, तर दुसऱ्या वर्षाअखेर ती जवळपास सगळी सोडूनही अर्धा इंच काठाला उरतो. रुंदीचा हिशोबही असाच. दोन्ही बाजूंच्या शिवणीत आत इंचभर माया असली, तर पुढच्या-मागच्या मिळून चार कडांतून अर्धा-अर्धा इंच सोडता येतो आणि घेर दोन इंचांनी वाढतो. दोन वर्षांना तो पुरून उरतो.

रेडिमेड कपड्यात ही सोय सहसा नसते. दुकानात कपडा उलटा करून पाहिला की कळतं: शिवणीच्या आत बोटाच्या पेराएवढंही कापड उरलेलं नसतं, कड कापून ओव्हरलॉक मारलेलं असतं, खालची दुमड इंचभराची. कापड वाचवायचं तर कारखान्याला दुसरा मार्ग नाही. म्हणून आई-बाप एक साइझ मोठा घेतात आणि पहिले सहा महिने मुलाचे खांदे दंडावर लोंबतात.

शिंप्याच्या मायेलाही मर्यादा आहे आणि ती मुंढ्याशी येते. बाजूची शिवण सोडली की कपडा सैल होतो. मुंढ्याची सोडली तर भोक उलट लहान होतं. मुंढा मोठा करायचा म्हणजे कापडच आत खोल कापावं लागतं. बिनबाह्यांच्या पिनाफोरला ते जमतं. बाही लावलेली असेल तर ती उसवून पुन्हा बेतावी लागते, आणि तेवढ्या मजुरीत बहुतेक जण नवा शर्ट घेतात. पँटचं तेच: पाय लांब करता येतात, आसन खोल करणं जड जातं. मुलाने दोन्ही हात वर केले की काखेत कापड ओढलं जातं का, उतरवल्यावर वळ दिसतो का, एवढं पाहिलं की कपड्याचे दिवस भरलेत की नाहीत ते समजतं. मग खाली कितीही दुमड शिल्लक असो.

घेरदार अंब्रेला फ्रॉकला मोठी दुमड मागू नये. गोल कापलेल्या घेरात खालची कड वरच्यापेक्षा लांब असते; ती आत वळवली की चुण्या पडतात. सरळ किंवा चुणीदार घेरालाच तीन इंच दुमड नीट बसते. शिवाय दुमड उलगडल्यावर जुन्या घडीची रेघ उमटते, कारण बाहेरचं कापड धुऊन विटलेलं असतं आणि आतलं गडद. त्यावर लेस लावणं हा सोपा उपाय. युनिफॉर्मला मात्र तो चालेलच असं नाही.

परकर-पोलक्यात हा विचार जुनाच आहे. खणाच्या परकराला काठाच्या वर आडवे टक घालतात. अर्ध्या इंचाचा एक टक इंचभर लांबी गिळतो. तीन टक घातले की तीन इंच राखून ठेवले. मूल वाढेल तसा एकेक उसवायचा, काठ अखंड राहतो. रेशमी कापडावर मशिनची टीप भोकं ठेवून जाते, म्हणून हे टक बारीक सुईने, हाताच्या धावदोऱ्याने घालायला सांगावेत. पोलकं मात्र मुंढ्यात अडकतं, ते दर एक-दोन वर्षांनी नवंच लागतं. दोन्ही एकाच खणाचे हवे असतील तर पोलक्याचं कापड सुरुवातीलाच जास्त घेऊन ठेवावं.

दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी हा सगळा खटाटोप व्यर्थ. पहिल्या वर्षात बाळ सुमारे पंचवीस सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्यात बारा. दुमड उलगडायची वेळ येईपर्यंत मुंढा, गळा सगळंच लहान झालेलं असतं. तिथे झबली आणि होजिअरीचे स्वस्त कपडे घ्यावेत, थोरल्या भावंडांचे आले तर उत्तमच. टी-शर्ट, लेगिंग्ज, रात्रीचे कपडे मोठ्या मुलांसाठीही रेडिमेडच बरे: ताणलं जाणारं कापड घरगुती मशिनच्या सरळ शिलाईत टिकत नाही, टीप पटकन तुटते.

शिवायला टाकायचं ते रोज घालायचा पिनाफोर, स्कर्ट, परकर आणि महागाचं कापड. सुती असेल तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावं, नाहीतर राखलेल्या दुमडीतली थोडी पहिल्याच धुण्यात संपते. आणि माप देताना तीन इंच दुमड, इंचभर माया हे शिंप्याच्या वहीत लिहून घ्यावं. नुसतं ‘थोडं मोठं शिवा’ म्हटलं, तर तो कपडा सैल शिवून देतो.