अधिक-उणे तीनच्या बाहेर राहिलेले मतदार

7 मे 2015 रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदानाच्या आदल्या दिवशी तिथे जनमत चाचण्यांचा पाऊस पडला होता आणि एखादा अपवाद सोडला तर सगळ्या एकच चित्र दाखवत होत्या. कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लेबर दोघेही 34 टक्क्यांच्या आसपास, जवळपास बरोबरीत. फार तर एक-दोन टक्के इकडे-तिकडे. संसद त्रिशंकू होणार असं धरूनच नेते बोलत होते, वाहिन्या चर्चा करत होत्या. प्रत्यक्षात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला सुमारे 38 टक्के मतं मिळाली, लेबरला 31. साडेसहा टक्क्यांची आघाडी आणि स्पष्ट बहुमत.

या चाचण्यांमागे बडी नावं होती, नमुने हजार ते काही हजार माणसांचे होते आणि अशा आकड्यांसोबत नेहमी येणारी ओळही होतीच : मार्जिन ऑफ एरर अधिक-उणे 3 टक्के, कॉन्फिडन्स लेव्हल 95 टक्के. आपल्याकडेही निवडणूक आली की हीच ओळ पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात दिसते. ब्रिटनमधल्या त्या फजितीची पुढे अतिशय कसून चौकशी झाली. त्यामुळे या ओळीत काय येतं आणि काय येत नाही, हे समजून घ्यायला इतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

आधी ही ओळ म्हणते काय ते पाहू. राज्यातल्या सगळ्या मतदारांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका पिंपात टाकल्या, नीट ढवळल्या आणि डोळे मिटून हजार चिठ्ठ्या काढल्या, असं समजा. प्रत्यक्षात निम्मे मतदार एका पक्षाच्या बाजूने असतील, तर हजारांत बरोबर 500 निघतील असं नाही. कधी 512 निघतील, कधी 487. हा निव्वळ सोडतीतला योगायोग. तो किती मोठा असू शकतो हे गणिताने काढता येतं. ढोबळ हिशेब असा की 1 ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागायचं. हजाराचं वर्गमूळ साधारण 31.6, म्हणून उत्तर येतं 3 टक्क्यांच्या थोडं वर. चार हजार माणसं घेतली तर ते दीड टक्क्याच्या आसपास येतं. म्हणजे चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात आणि खर्चही जवळपास तितकाच वाढतो. बहुतेक संस्था हजार-दोन हजारांवर का थांबतात, याचं कारण इथे आहे.

या हिशेबात एकूण मतदार किती, हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. महाराष्ट्रात नऊ कोटींहून जास्त मतदार आहेत, गोव्यात त्या मानाने फारच थोडे. तरी हजारांचा नमुना दोन्हीकडे सारखीच अचूकता देतो. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे हे आपण पाहत नाही, तसंच हे. मात्र महाराष्ट्राच्या हजार जणांमधून विदर्भातले दीडशे वेगळे काढून ‘विदर्भात अमुक पक्ष पुढे’ असं कोणी म्हणालं, तर त्या वाक्याचं मार्जिन 3 नव्हे, 8 टक्के असतं. पडद्यावर तो 8 सहसा दिसत नाही.

कॉन्फिडन्स लेव्हलबद्दलचा गैरसमज याहून मोठा आहे. 95 टक्के म्हणजे ही चाचणी 95 टक्के बरोबर, असा त्याचा अर्थ नाही. अशीच सोडत शंभर वेळा काढली, तर सुमारे 95 वेळा खरा आकडा त्या अधिक-उणे 3 च्या पट्ट्यात सापडेल आणि पाचेक वेळा पट्ट्याबाहेर राहील, इतकंच ते सांगतं. 99 टक्के खात्री हवी असेल तर त्याच चाचणीचा पट्टा 4 टक्क्यांपर्यंत रुंद करावा लागतो. त्याने माहिती काडीचीही वाढत नाही, फक्त बोलण्यातली सावधगिरी वाढते.

शिवाय हे मार्जिन एका पक्षाच्या टक्केवारीचं असतं. आपण बातमीत शोधतो ती आघाडी, म्हणजे दोन पक्षांमधला फरक. एकाची मतं चुकून जास्त मोजली गेली की बहुधा दुसऱ्याची कमी मोजली जातात, त्यामुळे फरकातली चूक फुगते. 34-34 अशा लढतीत हजारांच्या नमुन्यावर आघाडीचं मार्जिन 5 टक्क्यांच्या आसपास जातं. दोन टक्क्यांच्या आघाडीवर ‘अमुक पक्षाची मुसंडी’ असा मथळा देणं म्हणूनच मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

आता पुन्हा ब्रिटनकडे. एखादी चाचणी साडेसहा टक्क्यांनी चुकली असती, तर वाईट योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण योगायोगाने चुका होतात तेव्हा त्या दोन्ही बाजूंना विखुरतात. काही चाचण्या कॉन्झर्व्हेटिव्हना जास्त देतात, काही लेबरला, आणि सगळ्यांची सरासरी काढली की चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. हजार-हजारांच्या दहा स्वतंत्र सोडती एकत्र केल्या, तर आघाडीचं मार्जिन दीड टक्क्याच्या आसपास उतरायला हवं. इथे मात्र जवळजवळ साऱ्या चाचण्या एकाच दिशेला चुकल्या होत्या. दोष सोडतीत नाही, पिंपातच आहे, हे ओळखण्याची ही पक्की खूण.

प्राध्यापक पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिने एकेक संशयित तपासला. लोक शेवटच्या क्षणी फिरले का? उजवीकडचे मतदार आपलं मत लाजून लपवत होते का? मतदानाला जाईन म्हणणारे लेबर समर्थक घरीच बसले का? यांतलं कुठलंच कारण एवढ्या मोठ्या चुकीला पुरेसं निघालं नाही. 2016 च्या अहवालाचा निष्कर्ष सरळ होता : नमुन्यांमध्येच लेबरचे मतदार प्रमाणापेक्षा जास्त आणि कॉन्झर्व्हेटिव्हचे कमी आले होते. वय, लिंग, भाग यांनुसार आकड्यांना वजन देऊनही तो कल गेला नाही.

हे कसं घडलं असेल, ते जॉन कर्टिस यांनी मांडलेल्या एका तुलनेतून जवळून दिसतं. निवडणुकीनंतर ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’ या सर्वेक्षणाने लोकांना कुणाला मत दिलं ते विचारलं. त्यांची पद्धत जुनी, महागडी आणि चिकाटीची. पत्ते सोडतीने काढायचे, त्या घरातलं माणूसही सोडतीने ठरवायचं आणि ते भेटलं नाही तर शेजाऱ्याला विचारून काम न उरकता पुन्हा पुन्हा त्याच दाराशी जायचं. या सर्वेक्षणात कॉन्झर्व्हेटिव्ह आघाडी सुमारे 6 टक्के निघाली, म्हणजे निकालाला चिकटून. पण पहिल्याच फेरीत भेटलेल्या लोकांची उत्तरं वेगळी काढली तेव्हा त्यांच्यात लेबर 6 टक्क्यांनी पुढे होता. ज्यांच्यासाठी तीन ते सहा खेपा घालाव्या लागल्या, त्यांच्यात कॉन्झर्व्हेटिव्ह 11 टक्क्यांनी पुढे!

देश तोच, निवडणूक तीच, प्रश्नही तोच. फरक फक्त दार किती वेळा ठोठावलं याचा. दोन-तीन दिवसांत फोनवर किंवा ऑनलाइन आकडे गोळा करणाऱ्या चाचणीला सहज सापडणारा माणूस मिळतो. सहज न सापडणारा माणूस वेगळा विचार करत असेल तर तो त्या चाचणीत नसतो, आणि मार्जिन ऑफ एररमध्येही नसतो. ते मार्जिन काढताना प्रत्येक मतदाराला निवडलं जाण्याची समान संधी होती आणि ज्याची चिठ्ठी निघाली त्याने उत्तर दिलं, असं गृहीत धरलेलं असतं. ऑनलाइन चाचण्यांत तर माणसं स्वतःहून नाव नोंदवतात, तिथे सोडत झालेलीच नसते. सोडत झालीच नाही, तर तिच्यातल्या योगायोगाचं माप देण्यात मतलब काय, हा प्रश्न संस्थांना विचारायला हवा.

चौकशीत आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. शेवटच्या चाचण्यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ होते की सोडतीतल्या योगायोगानेसुद्धा त्यांच्यात जास्त फरक पडायला हवा होता. आणि सर्व्हेशन या संस्थेकडे आदल्या दिवशी फोनवर घेतलेली एक चाचणी तयार होती : कॉन्झर्व्हेटिव्ह 37, लेबर 31. जवळजवळ अचूक. बाकी सगळ्यांपेक्षा फारच वेगळी दिसते म्हणून संस्थेने ती रोखून धरली, आणि निकालानंतर तिच्या प्रमुखांनी तसं कबूलही केलं. कळपातून वेगळं पडण्याच्या भीतीने दाबलेला आकडा कुठल्याही मार्जिनमध्ये मोजता येत नाही.

आपल्याकडच्या चाचण्यांमध्ये आणखी एक पेच आहे. सर्वेक्षक राज्यभर विखुरलेल्या दहा हजार घरांत जात नाही. आधी चारशे मतदान केंद्रं निवडतात आणि प्रत्येक ठिकाणी पंचवीस माणसांना गाठतात. प्रवासाचा खर्च पाहता दुसरं करणार तरी काय? पण एका वस्तीतली माणसं पुष्कळदा एकसारखी मतं देतात. पहिल्या पाचांशी बोललं की पुढच्या वीसांकडून नवं फारसं कळत नाही. वस्तीतलं हे साम्य अगदी माफक धरलं, समजा 0.1, तरी दहा हजारांचा नमुना तीन हजारांच्याही आत येतो. ‘दहा हजारांचा सर्वे, अधिक-उणे 1 टक्का’ असं छापलेलं असतं तिथे प्रामाणिक आकडा 2 टक्क्यांच्या जवळ जातो. आणि हे सगळं संबंधित माणूस घरी भेटला, शेजारी-पाजारी भोवती जमलेले नसताना मोकळेपणाने बोलला, असं मानून.

त्यातच आपल्याला मतं नको असतात, जागा हव्या असतात. 2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या एकूण मतांमधला फरक एका टक्क्याच्या आतबाहेर होता. जागा मात्र 30 आणि 17. मतांचा आकडा अगदी तंतोतंत पकडणाऱ्या चाचणीलाही पुढचा उंबरठा ओलांडायला मतं कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ, याबद्दलची आणखी कितीतरी गृहीतकं लागतात. त्यांची चूक तीन टक्क्यांच्या त्या ओळीत कुठेच नसते.

2018 पासून ब्रिटिश पोलिंग कौन्सिलने आपल्या सदस्य संस्थांना वेगळी ओळ छापायला लावली. सूत्राने काढलेलं मार्जिन तिच्यात नाही. मागच्या निवडणुकांमध्ये चाचण्या निकालापासून खरोखर किती लांब राहिल्या, त्यावरून ती बेतली आहे. त्या हिशेबाने पक्षाचा खरा आकडा चाचणीच्या 4 टक्के वर किंवा खाली असण्याची शक्यता दहात नऊ निघते. दोन हजारांच्या नमुन्याला पुस्तकातलं सूत्र तेवढ्याच खात्रीने 2 टक्क्यांहून कमी मार्जिन देतं. अमेरिकेतल्या 608 राज्यस्तरीय लढतींच्या चार हजारांवर चाचण्या तपासणाऱ्या अभ्यासकांनाही हेच प्रमाण सापडलं : प्रत्यक्षातली चूक छापलेल्या मार्जिनवरून वाटते त्याच्या जवळपास दुप्पट. आपल्या वाहिन्यांवर लोकसभा आणि विधानसभेच्या इतक्या चाचण्या झाल्या आहेत की प्रत्येक संस्थेचा असा पूर्वेतिहास काढणं मुळीच अवघड नाही. पुढच्या निवडणुकीत तो आकड्याशेजारी छापला जावा, ही मागणी आपण वाचकांनीच लावून धरली पाहिजे.